हिरवी कँडल, उतरलेला भाव

सांगलीत शेअर-ब्रोकरच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काम करतो आहे. बाजार साडेतीनला बंद होतो आणि चारनंतर माझ्या फोनवर चार्टचे स्क्रीनशॉट यायला लागतात. सोबत बहुतेक वेळा दोनच शब्द असतात, ‘काय वाटतं?’ शेअर घ्यावा की विकावा हे सांगणं माझं काम नाही, त्यासाठी सेबीकडे वेगळी नोंदणी लागते. पण त्या चित्रात काय लिहिलं आहे ते वाचून दाखवणं माझं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. कारण नव्या माणसाला चार्ट म्हणजे भविष्य वाटतं. प्रत्यक्षात ती झालेल्या सौद्यांची नोंद असते, आणि नोंद वाचायला शिकता येतं.

मला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला तो आमच्याकडे खातं असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनं. आयुष्यभर गणित शिकवलेलं, त्यामुळे ‘काय वाटतं’ असं त्या कधी विचारत नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी एका मध्यम आकाराच्या कंपनीचा दैनिक चार्ट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वर −2.45% दिसतंय, आणि आजची कँडल मात्र हिरवी आहे. यातलं एक चूक असणार.’

चूक काहीच नव्हतं. मी त्यांना फोन केला आणि म्हणालो, “बाई, आधी रंग विसरा. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ती वाचून दाखवा.” ती ओळ अशी होती:

```
O 408.00  H 421.40  L 402.10  C 414.60
Vol 3.84M
```

एका कँडलमध्ये एवढंच असतं. O म्हणजे दिवसाचा सुरुवातीचा भाव, H सर्वांत वरचा, L सर्वांत खालचा आणि C बंद भाव. मधला जाड चौकोन, ज्याला सगळे बॉडी म्हणतात, तो सुरुवातीचा भाव आणि बंद भाव यांच्यामध्ये काढलेला असतो. इथे तो 408 पासून 414.60 पर्यंत. बॉडीच्या वर आणि खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे विक. वरची रेघ 421.40 पर्यंत गेलेली, खालची 402.10 पर्यंत उतरलेली. भाव सुरुवातीपेक्षा वर बंद झाला तर बॉडी हिरवी, खाली बंद झाला तर लाल. 414.60 हे 408 पेक्षा जास्त, म्हणून कँडल हिरवी.

“मग −2.45 कुठून आलं?” बाईंनी विचारलं.

ते आदल्या दिवशीच्या बंद भावाशी केलेल्या तुलनेतून आलं. आदल्या दिवशी शेअर 425 ला बंद झाला होता. बाजार मिटल्यावर कंपनीनं तिमाही निकाल जाहीर केले, ते लोकांना रुचले नाहीत आणि सकाळी शेअर थेट 408 ला उघडला. म्हणजे नेहमीची खरेदी-विक्री सुरू होण्याआधीच भाव सतरा रुपयांनी खाली आला होता. त्यानंतर दिवसभरात तो काही रुपये सावरला. टक्केवारी मोजते कालच्या बंदपासून, रंग मोजतो आजच्या सुरुवातीपासून. दोन्हींची सुरुवात वेगळी, म्हणून दोन्ही खरी. काही चार्टिंग ॲपमध्ये रंगही कालच्या बंद भावावरून ठरवायची सोय असते. ती चालू केली तर हीच कँडल लाल दिसेल आणि आकडे मात्र तेच राहतील.

सकाळी 408 हा आकडा आला कुठून, हेही बाईंना जाणून घ्यायचं होतं. एनएसईवर नेहमीची खरेदी-विक्री सव्वानऊला सुरू होते, पण त्याआधी नऊपासून प्री-ओपन सत्र असतं. त्यात लोक आपापल्या ऑर्डर टाकतात आणि ज्या एका भावाला सर्वांत जास्त शेअरांची देवाणघेवाण जुळते, तो सुरुवातीचा भाव ठरतो. रात्रभरातली बातमी त्या एका आकड्यात उतरते. कालची आणि आजची कँडल यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते, जिला गॅप म्हणतात, ती तिथेच तयार होते. या जागेत कुठलाच आकार नसतो आणि नवखा माणूस तिच्याकडे पाहतच नाही. त्या दिवशीची सर्वांत मोठी घडामोड मात्र त्या कोऱ्या जागेतच होती.

रेघांबद्दल बोलायला मला नेहमी जास्त वेळ लागतो. आमच्या सांगलीत 2019 च्या महापुरानंतर कितीतरी भिंतींवर पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा राहिल्या. ती खूण पाणी किती वर चढलं ते सांगते. ते किती वाजता चढलं, तिथे किती वेळ थांबलं, हे ती सांगत नाही. विक तशीच असते. भाव 421.40 ला पोहोचला होता, एवढंच वरची रेघ म्हणते. तिथे एक शेअर विकला गेला की एक लाख, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. ज्या शेअरमध्ये उलाढाल फार कमी असते, तिथे एखाद्या घाईच्या ऑर्डरमुळे चारच शेअरांचा सौदा भलत्या भावाला होतो आणि चार्टवर भलीमोठी रेघ कायमची उमटते.

आणखी एक गोष्ट रेघ सांगत नाही. आधी वरचा भाव आला की आधी खालचा? बाईंचा अंदाज होता की शेअर सकाळी वर गेला असेल आणि मग कोसळून थोडा सावरला असेल. कँडल पाहून असं म्हणता येतं. आणि आधी पडला, मग चढला आणि शेवटी थोडा उतरला, असंही म्हणता येतं. दोन्ही दिवसांची कँडल तंतोतंत एकच निघेल.

“मग ठरवायचं कसं?”

“वेळ लहान करा,” मी म्हणालो. चार्टवर 1D लिहिलेलं असतं, म्हणजे एक कँडल एका दिवसाची. ते पंधरा मिनिटांवर आणलं की तोच दिवस उलगडतो. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे 375 मिनिटं, त्यामुळे पंधरा-पंधरा मिनिटांच्या बरोबर पंचवीस कँडल होतात. बाईंनी बटण दाबलं आणि मी फोनवर थांबलो. पहिल्याच कँडलची खालची रेघ 402.10 ला टेकली होती. दिवसाचा सर्वांत खालचा भाव पहिल्या पाव तासातच येऊन गेला होता. तिथून भाव हळूहळू चढला, दुपारी पावणेदोनच्या सुमारास 421.40 ला लागला आणि पुढचे पावणेदोन तास उतरत राहिला. बाईंचा अंदाज उलटा निघाला आणि त्यांना त्याचा आनंद झाला. शिकवणाऱ्या माणसाला तपासून पाहण्यातली गंमत ठाऊक असते.

इथे तासाची कँडल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. 375 मिनिटांत सहा पूर्ण तास बसतात आणि पंधरा मिनिटं उरतात. म्हणून सव्वातीनला सुरू होणारी शेवटची ‘तासाची’ कँडल खरं तर पाव तासाचीच असते. तिच्याखालचा व्हॉल्यूमचा दांडा इतरांपेक्षा बुटका दिसला म्हणून शेवटी लोकांचा रस संपला, असा निष्कर्ष मी अनेकांना काढताना पाहिला आहे. त्या दांड्याला वेळच पाव मिळालेला असतो.

पंचवीस कँडल मोजून झाल्यावर बाई थांबल्या. “अरे, पंधरा मिनिटांची शेवटची कँडल 413.25 ला संपते. आणि दिवसाची 414.60 ला. एकाच दिवसाचे दोन बंद भाव कसे?”

हा प्रश्न माझ्याकडे फार थोड्यांनी आणला आहे. साडेतीनच्या ठोक्याला झालेला शेवटचा सौदा 413.25 ला होता. एनएसई मात्र अधिकृत बंद भाव म्हणून शेवटचा सौदा धरत आलेली नाही. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर कोणत्या भावाला गेले त्या प्रमाणात, सरासरी काढायची आणि तोच बंद भाव, ही तिची वर्षानुवर्षांची पद्धत. शेवटच्या क्षणी एखाद्यानं छोटा सौदा करून बंद भाव ओढू नये, असा त्यामागचा विचार. म्हणून साडेतीनला घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये C एक दिसतो आणि संध्याकाळी दुसरा. काही ॲप दैनिक कँडलमध्ये अधिकृत बंद भाव भरतात, काही शेवटचा सौदाच ठेवतात. फरक बहुधा थोड्या पैशांचा किंवा रुपया-दोन रुपयांचा असतो. पण सुरुवात आणि बंद अगदी जवळजवळ असतील तर तेवढ्यानं कँडलचा रंग बदलू शकतो. एकाच्या फोनवर हिरवी आणि दुसऱ्याच्या फोनवर लाल, असं झालं की लोकांना ॲप बिघडलं असं वाटतं. अशा वेळी एक्स्चेंज रोज संध्याकाळी प्रसिद्ध करतं त्या भावकॉपीतला आकडा पाहावा, वाद मिटतो.

आता खालचे दांडे. कँडलच्या तळाशी उभे असलेले हे दांडे व्हॉल्यूमचे, म्हणजे त्या वेळात किती शेअरांचे सौदे झाले त्याचे. 3.84M मधला M म्हणजे दहा लाख, तेव्हा 38 लाख 40 हजार शेअर. रुपये नव्हेत, शेअर. आदल्या आठवड्यात या शेअरचे रोज आठ ते दहा लाख सौद्यात येत होते. म्हणून आजचा दांडा शेजाऱ्यांच्या चौपट उंच दिसत होता. त्याची उंची नेहमी पडद्यावर दिसणाऱ्या इतर दांड्यांच्या तुलनेत ठरते. हाच चार्ट बोटांनी आवळून दोन वर्षांचा केला आणि त्यात एखादा दोन कोटींचा दिवस आला, की आजचा उंच दांडा एकदम ठेंगणा होतो. म्हणून दांड्याकडे पाहून ‘मोठा’ म्हणण्याआधी आकडा वाचावा.

दांड्याचा रंग ही नव्या माणसाची सर्वांत मोठी अडचण आहे, असं माझं ठाम मत आहे. लाल दांडा म्हणजे विक्री जास्त झाली, हिरवा म्हणजे खरेदी जास्त झाली, असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. प्रत्येक सौद्यात एक घेणारा असतो आणि एक देणारा. 38 लाख 40 हजार शेअर विकले गेले, तर तेवढेच खरेदीही झाले. दांड्याला स्वतःचा रंग नसतोच, बहुतेक ॲपमध्ये तो वरच्या कँडलचा रंग उचलतो. बाईंच्या चित्रात तो हिरवा होता, कारण कँडल हिरवी होती. कालच्या बंद भावाशी तुलना करायची सोय चालू केली असती तर तेच 38 लाख शेअर लाल रंगात उभे राहिले असते. माणसं तीच, सौदे तेच. घाई कोणाला होती, घेणाऱ्याला की विकणाऱ्याला, याचा अंदाज भाव कुठे सरकला यावरून बांधता येतो. तो अंदाजच असतो, मोजलेली गोष्ट नव्हे.

बाईंनी यावर बरोबर पुढचा प्रश्न विचारला. इतके शेअर लोकांनी घेऊन घरी ठेवले का? नाही. व्हॉल्यूममध्ये सकाळी घेऊन दुपारी विकलेले शेअरही मोजले जातात, आणि तोच शेअर दिवसात पाच हातांतून गेला तर पाच वेळा मोजला जातो. डिमॅट खात्यात खरोखर किती गेले, ते चार्टवर नसतं. एनएसई तो डिलिव्हरीचा आकडा रोज वेगळा प्रसिद्ध करते. आम्ही तो काढून पाहिला. एरवी या शेअरमध्ये निम्म्याच्या आसपास डिलिव्हरी असायची, त्या दिवशी ती एक तृतीयांशाहून कमी होती. म्हणजे त्या उंच दांड्याचा बराचसा भाग दिवसाच्या आत येऊन-जाऊन करणाऱ्यांचा होता. तरी एकूण व्हॉल्यूम चौपट असल्यामुळे डिलिव्हरीचे शेअर नेहमीपेक्षा जास्तच होते. टक्के घटले आणि संख्या वाढली. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

निर्देशांकाचा चार्ट वाचताना हीच रीत चालते, पण एक फरक ध्यानात ठेवायचा. निफ्टी हा शेअर नाही, त्याची थेट खरेदी-विक्री होत नाही. त्याच्याखाली व्हॉल्यूमचे दांडे दिसतात ते त्यातल्या पन्नास कंपन्यांच्या शेअरांची बेरीज असते. कँडल मात्र तशीच वाचता येते. 4 जून 2024, लोकसभा निकालाचा दिवस, मी नव्या माणसांना आवर्जून दाखवतो. आदल्या दिवशी निफ्टी 23,263.90 ला बंद झाला होता. निकालाच्या सकाळी तो 23,179.50 ला उघडला, आणि दिवसभरात त्याच्या वर गेलाच नाही. म्हणून त्या लाल कँडलच्या माथ्यावर रेघच नाही. सुरुवात हाच दिवसाचा उच्चांक. खाली तो 21,281.45 पर्यंत गेला आणि 21,884.50 ला बंद झाला. बॉडी जवळपास तेराशे अंकांची, खालची रेघ सहाशे अंकांची. वरची रेघ नसणं हीसुद्धा नोंदच असते. त्या दिवशी निफ्टी सुरुवातीच्या आकड्याच्या वर क्षणभरही गेला नाही, असा तिचा अर्थ.

काही वेळा कँडल कँडलसारखी दिसतच नाही. लहान कंपन्यांच्या चार्टवर ओळीनं नुसत्या आडव्या रेघा असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या, आणि खाली व्हॉल्यूम जेमतेम. O, H, L, C चारही आकडे एकच. हा शेअर सकाळीच वरच्या सर्किटला लागला आणि तिथेच अडकून राहिला. अशा शेअरांचा भाव एका दिवसात किती टक्के हलू शकतो याची मर्यादा एक्स्चेंजनं ठरवलेली असते. शेअरनुसार ती 2, 5, 10 किंवा 20 टक्के असते. मर्यादेवर घेणाऱ्यांची रांग लागते आणि विकणारा कोणी नसतो. रांगेत दहा लाख शेअरांची मागणी असली तरी चार्टवर ती दिसत नाही, कारण चार्ट फक्त झालेले सौदे लिहितो. वाट पाहणाऱ्या ऑर्डर तिथे येत नाहीत. उद्या हीच रांग उलट बाजूला लागली तर विकायला गिऱ्हाईक मिळत नाही, हे मी अशा पायऱ्या पाठवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

जुन्या कँडलबद्दलही एक खुलासा करावा लागतो. रिलायन्सनं ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा भाव एका रात्रीत सुमारे निम्म्यावर आला आणि प्रत्येकाकडचे शेअर दुप्पट झाले. आज तो चार्ट उघडला तर तिथे दरी दिसत नाही. ॲपनं त्याआधीचे सगळे भाव अर्धे करून घेतलेले असतात. त्यामुळे तुमच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर 2,700 असेल आणि चार्टवर त्या दिवशी 1,350 दिसेल. नोट खरी आहे आणि चार्टही, फक्त चार्ट आजच्या मापात आणलेला आहे.

बाईंनी पुढे मला हॅमर, डोजी अशा नावांबद्दल विचारलं. ही नावं मला येतात, पण नव्या माणसाला मी ती इतक्यात शिकवत नाही. नाव कळलं की माणूस आकडे वाचायचं थांबवतो आणि नावाला चिकटलेलं भाकीत वाचू लागतो. आधी कोणतीही कँडल पाहून तिचे चार आकडे, कालचा बंद भाव आणि खालचा व्हॉल्यूम तोंडानं सांगता यावा. बाईंना ते आता सहज येतं. आपल्या नातवालाही त्या तसंच विचारतात.

तुम्हीही कोणाला चार्ट पाठवून विचारणार असाल, तर एवढं करा. चित्र कापू नका. वरची O, H, L, C ची ओळ, 1D की पंधरा मिनिटं हे सांगणारा कोपरा, उजवीकडची भावाची पट्टी आणि तुमच्या फोनवरचं घड्याळ, हे सगळं त्यात राहू द्या. सकाळी अकराला घेतलेल्या चित्रातली शेवटची कँडल अजून तयार होत असते, तिचा रंग आणि तिच्याखालचा दांडा दोन्ही साडेतीनपर्यंत बदलत राहतात. घड्याळ कापलेलं असेल तर ती पूर्ण झालेली कँडल आहे की अर्धवट, हे वाचणाऱ्याला कळायला काहीच मार्ग उरत नाही.